पॅलेटचं वजन कुणी धरलंच नाही

पत्र: सर नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, बेदाण्याचा धंदा बाबांचा, एक्सपोर्टचं मी बघायला लागलेय. पहिलाच माल दुबईच्या पार्टीला, ५०० कार्टन, १० किलोचा एक, ३०० हिरवा आणि २०० पिवळा. परवा गाडी न्हावा शेवाला सीएफएसवर, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात, पोचली आणि तिथेच अडकली. ते म्हणतात पेपरवर ५०० डाग आणि इथे १० डाग, आणि पेपरवर ग्रॉस ५३०० किलो आणि काट्यावर ५४८५. आम्ही एक किलोसुद्धा जास्त भरलेला नाही हो. शेवटच्या दिवशी फॉरवर्डर म्हणाला पॅलेटवर द्या म्हणून १० पॅलेट केले, एवढंच. अजून एक, हिरवा ६ कार्टन कमी पडला तर बाबांनी तेवढा पिवळा भरला, पार्टीला फोनवर सांगितलंय, ते हो म्हणाले. आमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, म्हणतो इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट नवीन पाठवा. नेमकं काय काय बदलू? एलईओ, म्हणजे माल बाहेर पाठवायची कस्टम्सची परवानगी, अजून झालेली नाही. टर्नओव्हर दीड कोटीच्या आसपास, माल एलयूटीवर, म्हणजे आयजीएसटी न भरता.
– निफाडची एक वाचक

उत्तर:

ताई, आधी त्या १८५ किलोंचा हिशोब लावून टाकू, म्हणजे तुमचा आणि बाबांचा दोघांचाही जीव शांत होईल. शेडमध्ये एखादं रिकामं पॅलेट उरलं असेल ना, ते उचलून काट्यावर ठेवा. लाकडी पॅलेट आहे, माझ्या अंदाजाने १८ किलोच्या आसपास भरेल. १८ गुणिले १० म्हणजे १८०. उरलेले ५ किलो म्हणजे स्ट्रेच फिल्म, पट्ट्या आणि दोन काट्यांमधला फरक. माल जास्त गेलेला नाही, तुमचा ५३०० चा आकडासुद्धा कार्टनपुरता बरोबरच आहे, १० किलो बेदाणा आणि ६०० ग्रॅमचं खोकं लायनरसकट, १०.६ गुणिले ५००. फक्त पॅकिंग लिस्ट टाइप झाली तेव्हा पॅलेट जन्माला आलेले नव्हते आणि नंतर ते आले तेव्हा पेपरला कुणी कळवलंच नाही.

आणि डागांचा घोळही त्याच पॅलेटमुळे. सीएफएसवरचा माणूस कार्टन मोजत बसत नाही, फोर्कलिफ्टने जे उचलायचं तो त्याच्यासाठी एक डाग, त्याने १० उचलले, १० लिहिले, पुढे कस्टम्सला दिलेलं शिपिंग बिल बघितलं तर ५००. आता तो बिचारा काय करणार, रिमार्क मारून बाजूला ठेवणार. आपल्याकडे ट्रान्सपोर्टवालेसुद्धा ५० पोती एका जाळीत बांधून दिली तर एक डाग लिहितात की नाही, तसंच आहे हे.

मी अंबडला एका कंपनीत बरीच वर्षं एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचंच काम केलं आणि तुमच्यासारखी केस दर दोन-तीन महिन्यांनी यायचीच. कारण एकच असायचं. सगळेजण काय करतात, प्रोफॉर्मा असतो तो उघडायचा, वरचं नाव बदलायचं, इनव्हॉइस तयार, मग त्याच फाइलमधले दर उडवले की पॅकिंग लिस्ट तयार. म्हणजे दोन्ही कागद ऑर्डरवरून बनतात आणि माल मात्र शेडमधून निघतो, आणि ऑर्डर आणि शेड यांच्यात शेवटच्या दोन दिवसांत काहीतरी बदलतंच, कधी ६ कार्टन कमी पडतात, कधी पॅलेट येतात, कधी खोकी संपतात म्हणून वेगळ्या साइजची वापरतात. म्हणून उलटं करा. माल पॅक होऊन, पट्ट्या मारून, वजन होऊन उभा राहिला की आधी पॅकिंग लिस्ट बनवायची, ती जे डोळ्याला दिसतंय त्यावरून, आणि तिच्यावरून इनव्हॉइस. एक दिवस उशीर होतो, होऊ दे. सीएफएसवर दोन दिवस गाडी उभी राहिली त्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आता तुमची पॅकिंग लिस्ट. तुम्ही दोन ओळी लिहिल्या असणार, हिरवा ३०० कार्टन, पिवळा २०० कार्टन, खाली टोटल. त्याऐवजी पॅलेटप्रमाणे लिहा. मी तुमच्या आकड्यांवरूनच मांडून दाखवतो. एका पॅलेटवर ५० कार्टन. हिरवा प्रत्यक्षात २९४ आहे, म्हणजे पॅलेट १ ते ५ पूर्ण हिरवे, कार्टन नंबर १ ते २५०. पॅलेट ६ वर हिरवे ४४, नंबर २५१ ते २९४, आणि त्याच पॅलेटवर पिवळे ६, नंबर २९५ ते ३००. मग पॅलेट ७ ते १० पूर्ण पिवळे, ३०१ ते ५००. बघा, सहावं पॅलेट मिक्स निघालं. हे तुम्हाला आत्तापर्यंत माहीत तरी होतं का? गाडी भरताना ज्याने रचले त्याला माहीत असेल, म्हणून हे लिहिण्याआधी त्याला फोन करा, माझा हिशोब ओळीने रचले असं धरून आहे आणि त्याने ते ६ दुसरीकडेच कुठे घुसवले असतील तर तसं लिहा. दुबईला कस्टम्सने नेमकं तेच पॅलेट फोडलं आणि पेपरवर सगळा हिरवा असं असलं तर ते ६ कार्टन सापडल्यावर बाकीचे ४९४ पण उघडून बघावेसे वाटतात, साहजिक आहे.

इथे एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही पण मला ती जास्त खटकतेय. त्या ६ खोक्यांवर स्टिकर कुठलं आहे? हिरव्याची खोकी तयार होती, छापलेली, त्यातच पिवळा भरला असं तर नाही ना झालं? झालं असेल तर पेपर कितीही सुधारलात तरी उपयोग नाही, खोक्यावर एक आणि आत दुसरं म्हणजे सरळसरळ चुकीचं डिक्लेरेशन. मग सीएचएला आत्ताच सांगा, सीएफएसमध्ये परवानगी घेऊन पॅलेट उघडून स्टिकर बदलता येतात, माणूस पाठवावा लागेल, खर्च येईल, पण ते करा.

वजनाचे रकाने तीन ठेवा. नेट, म्हणजे नुसता बेदाणा, ५००० किलो. मग कार्टनसकट, ५३००. मग पॅलेटसकट ग्रॉस, आणि इथे गंमत बघा, हिशोबाने एका पॅलेटचं ५३० अधिक १८ म्हणजे ५४८, दहाचे ५४८०, आणि सीएफएसचा काटा सांगतोय ५४८५. तुम्ही कुठला लिहायचा? सीएफएसच्या काट्याची चिठ्ठी हातात आहे तर ५४८५ च लिहा. हिशोबाचा आकडा कितीही सुंदर असला तरी पुढे ज्याच्या हातात कागद जाईल तो काट्याशीच ताडून बघणार आहे. तसा ५ किलोचा फरक कुणी धरत नाही, पण एकदा अडकलेल्या मालावर परत बोट ठेवायला जागा कशाला द्या. पुढच्या वेळी मात्र माल तुमच्याकडून निघतानाच गाडी भुईकाट्यावर रिकामी आणि भरलेली दोन्ही तोला, दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवा. गाडीचा काटा १०-२० किलोने मागेपुढे दाखवतो त्यामुळे त्यावरून ग्रॉस लिहायचं नाही, पण १८० किलो हरवलेत की नाही एवढं तो नक्की सांगतो.

माझंच सांगतो, नवीन असताना एका लॉटला मी नेट आणि ग्रॉस दोन्ही रकान्यांत एकच आकडा टाइप केला होता, घाईत कॉपी पेस्ट. इथून माल गेला, कुणी हू का चू केलं नाही. तिकडच्या पार्टीचा मेल आला, तुमच्या गोण्या हवेच्या आहेत का म्हणून. चार दिवस माल तिकडे पोर्टवर पडून होता आणि त्याचं भाडं आमच्या कंपनीने भरलं, साहेबांनी पुढे वर्षभर मला हवेवाला म्हणून हाक मारली.

डागांच्या रकान्यात नुसतं ५०० किंवा नुसतं १० लिहू नका. १० पॅलेट, त्यात एकूण ५०० कार्टन, असं दोन्ही एका वाक्यात, आणि हेच वाक्य जसंच्या तसं पॅकिंग लिस्टवर, इनव्हॉइसवर, शिपिंग बिलात आणि पुढे बीएलच्या, म्हणजे जहाजाच्या मालपावतीच्या, ड्राफ्टवर. बीएलचा ड्राफ्ट येईल तेव्हा मुद्दाम बघा, कारण बीएल फॉरवर्डरच्या ऑफिसात बनतं आणि तिथे तुमची जुनी पॅकिंग लिस्ट पडलेली असणार, नवीन त्यालाही पाठवा. आणि जुन्या फाइलचं नाव बदलून त्यात रद्द असं घाला, नाहीतर व्हॉट्सअपवर दोन फाइल सारख्याच नावाच्या फिरत राहतात आणि शेवटी कुणी कुठली वापरली ते देवालाच ठाऊक.

पॅलेटवर शिक्का आहे ना, तेही विचारून घ्या. कच्च्या लाकडाच्या पॅलेटला आयएसपीएम-१५ चा मार्क लागतो, गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड, ट्रीटमेंट करणाऱ्याचा नंबर आणि हीट ट्रीटमेंट केली असेल तर `HT`. शेवटच्या दिवशी घाईत आणलेले पॅलेट म्हणून विचारतोय, कारण घाईत कुठलेही मिळतात, आणि बिनशिक्क्याच्या लाकडावर माल उतरला की तिकडे तो अडू शकतो.

आता इनव्हॉइस. २९४ हिरवा आणि २०६ पिवळा झाला म्हणजे रक्कम बदलली. तुमचा दर मला माहीत नाही, समजा हिरवा २.४० डॉलर किलो आणि पिवळा २.१०. आधी ३००० किलोचे ७२०० आणि २००० किलोचे ४२००, मिळून ११४००. आता २९४० किलोचे ७०५६ आणि २०६० किलोचे ४३२६, मिळून ११३८२. फरक फक्त १८ डॉलरचा, आणि बाबा म्हणतील जाऊ दे ना, पार्टीला सांगितलंय की. पार्टीला सांगितलंय हे बरोबर, पण कस्टम्सला आणि बँकेला नाही सांगितलेलं. पार्टीने इमानदारीने ११३८२ पाठवले आणि शिपिंग बिल ११४०० चं असलं की बँकेत ते १८ डॉलर उघडे दिसत राहतात आणि तुम्हाला पत्रं लिहीत बसावं लागतं.

दर कार्टनवर लिहिलाय की किलोवर? पत्रावरून वाटतंय कार्टनवर असणार, पार्टीशी बोलणं तसंच झालेलं असतं. तो किलोवर करून घ्या, आत्ता बदलताच आहात तर. कारण असं होतं, तुम्ही लिहिता ३०० नग, दर २४ डॉलर. शिपिंग बिलात बेदाण्याचं माप किलोत जातं. सीएचएच्या ऑफिसातला मुलगा सकाळपासून चाळीस इनव्हॉइस भरतोय, तो ३०० टाकतो आणि पुढे युनिट किलो निवडतो. रक्कम जुळते, ३०० गुणिले २४ बरोबर ७२००, त्यामुळे कुणाला शंका येत नाही, पण कागदोपत्री तुम्ही ३०० किलो बेदाणा २४ डॉलर किलोने विकलेला असतो. काजूलासुद्धा हा दर मिळायचा नाही. इनव्हॉइसवर २९४० किलो, दर २.४० प्रति किलो असं लिहून कार्टनची संख्या बाजूच्या रकान्यात दिली की ही भानगड मुळातच होत नाही.

वर्णनात नुसतं ड्रायफ्रूट लिहू नका. बेदाणा, हिरवा किंवा पिवळा, ग्रेड, भारतातला माल, आणि एचएस कोड `08062010`. दुबईचा पूर्ण कोड वेगळा असेल, पहिले सहा आकडे `080620` जुळले की बास, पार्टीकडून एकदा खात्री करून घ्या.

सीआयएफ, म्हणजे फ्रेट आणि इन्शुरन्स धरून दर, असं लिहिलं असेल तर पुढे बंदराचं नाव पण पाहिजे, जेबेल अली. आणि फ्रेट आणि इन्शुरन्स वेगळ्या ओळीत दाखवा, कारण शिपिंग बिलात एफओबी किंमत लागते आणि ती यांच्यातूनच निघते. समजा फ्रेट ३२० आणि इन्शुरन्स १२, तर ११३८२ मधून ३३२ गेले, एफओबी ११०५०. हे तुम्ही दिलं नाहीत तर सीएचए एकतर अंदाजाने टाकतो नाहीतर शून्य टाकतो. शून्य टाकलं तर एफओबी फुगते आणि एफओबीच्या टक्क्यावर मिळणारे जे काही फायदे असतात ते तुम्ही जास्तीचे मागितले असं दिसतं.

इनव्हॉइस नंबर बदलायचा का, हे तुम्ही विचारलं नाही पण पुढचा प्रश्न हाच येणार. दीड कोटी टर्नओव्हर म्हणजे ई-इनव्हॉइस तुम्हाला लागू नाही, त्याची मर्यादा ५ कोटींच्या वर आहे, त्यामुळे त्याचा आयआरएन नंबर रद्द करायची कटकट नाही. या महिन्याचा जीएसटीआर-१ अजून भरला नसेल तर नंबर आणि तारीख तीच ठेवून आकडे दुरुस्त केलेले बरे, कारण शिपिंग बिलात तोच नंबर बसलाय. तरी तुमच्या सीएच्या कानावर घाला. आणि जीएसटीचा इनव्हॉइस एक आणि कमर्शियल इनव्हॉइस दुसऱ्याच नंबरचा असं अजिबात करू नका, बरेचजण करतात, एक टॅलीतून निघतो आणि एक एक्सेलमधून. नंबर १६ अक्षरांच्या आत पाहिजे, रेघ आणि स्लॅश चालतात, उदाहरणार्थ `GB/EXP/25-26/003` हा मोजून १६ आहे. स्लॅशच्या जागी कुठे रेघ पडली तरी सिस्टिमला ते दोन वेगळे इनव्हॉइस वाटतात. आयजीएसटी भरून माल पाठवणाऱ्यांचा रिफंड याच कारणाने `SB005` एरर येऊन लटकतो. तुम्ही एलयूटीवर आहात म्हणून हा एरर तुमच्या वाट्याला नाही, पण तुमच्या इनपुट क्रेडिटच्या रिफंडलाही शिपिंग बिल आणि रिटर्न जुळावं लागतंच. एलयूटीचा उल्लेख आणि त्याचा एआरएन नंबर इनव्हॉइसवर आहे ना, आणि तो चालू आर्थिक वर्षाचाच आहे ना तेही बघा, दर वर्षी नवीन घ्यावा लागतो आणि एप्रिल-मे मध्ये जुनाच नंबर छापून जाणारे ढिगाने सापडतात.

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन काढलं का? यूएईबरोबर २०२२ पासून सीईपीए हा व्यापार करार आहे, पार्टीने त्याचं मागितलं असेल तर अर्ज आत्ता टाकू नका. त्यात तुमच्या इनव्हॉइसचा नंबर, तारीख, माल सगळं येतं. इनव्हॉइस पक्का झाल्यावरच टाका, आणि टाकून झाला असेल तर तोही दुरुस्त करावा लागेल.

एलईओ झालेली नाही हे तुमचं नशीब समजा. आत्ता शिपिंग बिलात दुरुस्ती म्हणजे सीएचएचं रोजचं काम आहे. एकदा माल जहाजातून गेला की कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली मागावी लागते आणि निर्यातीच्या वेळी जे कागद अस्तित्वात होते त्यांच्याच आधारावर मिळते, नंतर बनवलेला कागद चालत नाही. म्हणून सीएफएसच्या काट्याची चिठ्ठी, पार्टीने ६ कार्टनला हो म्हटल्याचा मेल, हे आजच गोळा करा. फोनवर सांगितलं ते पुरावा नाही, पार्टीला दोन ओळींचा मेल टाका आणि हो असं उत्तर मागवा.

सीएचएला पाठवताना नुसत्या दोन नवीन फाइल ढकलून देऊ नका, तो तरी कुठे शोधत बसणार काय बदललं ते. लेटरहेडवर एक पत्र द्या, त्यात जुनं काय आणि नवीन काय ते समोरासमोर. डाग ५०० कार्टन होते ते १० पॅलेट, त्यात ५०० कार्टन. ग्रॉस ५३०० होतं ते ५४८५. नेट ५००० आहे तेवढंच. हिरवा ३००० किलो होता तो २९४०, पिवळा २००० होता तो २०६०. रक्कम अमुक होती ती तमुक. कारण एका ओळीत, माल नंतर पॅलेटवर केला आणि ग्रेडमध्ये ६ कार्टनचा बदल खरेदीदाराच्या संमतीने. जास्त गोष्ट सांगू नका.

मग तो तुम्हाला चेकलिस्ट पाठवेल, शिपिंग बिलाचा कच्चा मसुदा. पहिल्या वेळेला पण पाठवली असणार, रात्री साडेनऊला व्हॉट्सअपवर, आणि तुम्ही मोबाइलवरच बघून ओके केलं असणार. या वेळी प्रिंट काढा. एकाने चेकलिस्ट हातात धरायची, दुसऱ्याने पॅकिंग लिस्ट आणि इनव्हॉइस, आणि आकडे मोठ्याने वाचायचे, डाग, नेट, ग्रॉस, प्रत्येक ग्रेडचे किलो, दर, एफओबी, इनव्हॉइस नंबर एकेक अक्षर करून. बाबांना वाचायला बसवा. ते ६ कार्टन त्यांनीच भरलेत, त्यामुळे हिरवा ३०० असं कुठे राहून गेलं असेल तर ते लगेच म्हणतील, अगं २९४ आहेत.